बहुविध बुद्धिमत्तेची उलटतपासणी
बी.एड.च्या एका सेमिनारचा आराखडा, स्लाइडसकट

बी.एड.च्या वर्गात ‘बहुविध बुद्धिमत्ता’ या विषयावर सेमिनार असला की पहिली स्लाइड बहुधा ठरलेली असते. मध्यभागी हॉवर्ड गार्डनर, भोवती आठ रंगीत पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीत एक ओळखीचा चेहरा. संगीताच्या पाकळीत लता मंगेशकर, शारीरिक बुद्धिमत्तेच्या पाकळीत सचिन तेंडुलकर, तर्काच्या पाकळीत आइन्स्टाइन. त्यानंतर आठ व्याख्या, मग ‘शैक्षणिक उपयोग’ आणि शेवटी ‘प्रत्येक मूल हुशार असतं’ हे वाक्य. सादरीकरण छान होतं, गुणही मिळतात. पण हा सिद्धांत खरा आहे का आणि तसं म्हणायला पुरावा काय, हे विचारायचं राहूनच जातं.

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचाही नाही. केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे सीटीईटीच्या, बालविकास आणि अध्यापनशास्त्र या भागात बहुआयामी बुद्धिमत्तेबरोबरच ‘बुद्धिमत्ता’ या संकल्पनेकडे चिकित्सक नजरेने पाहणं हाही मुद्दा दिलेला आहे. पाठांतराच्या गडबडीत हा दुसरा मुद्दा मागे पडतो. म्हणून इथे एका चिकित्सक सेमिनारचा आराखडा मांडला आहे. वेळ तीस मिनिटं, स्लाइड आठ. एका स्लाइडवर चार-पाच ओळींपेक्षा जास्त मजकूर नको, बाकीचं बोलायचं. स्लाइडवर काय लिहायचं आणि त्यावर काय बोलायचं, हे क्रमाने पाहू.

स्लाइड १ : एक सिद्धांत, तीन दावे
- मुलांच्या क्षमता वेगवेगळ्या असतात.
- या क्षमता म्हणजे एकमेकींपासून स्वतंत्र अशा आठ ‘बुद्धिमत्ता’ आहेत.
- मुलाची प्रबळ बुद्धिमत्ता ओळखून तसं शिकवलं तर ते जास्त शिकतं.
- आजचा प्रश्न : यातल्या कोणत्या दाव्याला पुरावा आहे?

सगळा सेमिनार या स्लाइडवर उभा राहतो, म्हणून इथे घाई करू नये. पहिला दावा कुणीच नाकारत नाही. तो मान्य करायला गार्डनरची गरजही नाही, वर्गात एक आठवडा शिकवलं तरी तो पटतो. दुसरा दावा मानसशास्त्राचा आहे आणि तो मोजून तपासता येतो. तिसरा दावा अध्यापनाचा आहे आणि त्यासाठी वर्गात प्रयोग करावा लागतो. नेहमीच्या सादरीकरणात हे तिन्ही दावे एकाच वाक्यात मिसळून येतात आणि पहिल्याच्या खरेपणावर बाकीचे दोन खपून जातात. प्रशिक्षणार्थ्यांनी ते वेगळे करून पाहायला शिकणं हेच या सेमिनारचं उद्दिष्ट.

स्लाइड २ : गार्डनर यांनी काय मांडलं?
- हॉवर्ड गार्डनर, हार्वर्ड विद्यापीठ. पुस्तक : ‘फ्रेम्स ऑफ माइंड’, १९८३
- सुरुवातीच्या सात : भाषिक, तार्किक-गणितीय, सांगीतिक, शारीरिक, अवकाशीय, आंतरव्यक्ती, व्यक्तिअंतर्गत
- पुढे भर : निसर्गविषयक
- विरोध कशाला : बुद्धी एकाच आकड्यात बसते या समजुतीला

गार्डनर यांची बाजू इथे प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, नाहीतर चिकित्सा एकतर्फी होते. ते मेंदूला इजा झालेल्या रुग्णांबरोबर काम करत होते आणि त्याच काळात कलेत रमणाऱ्या मुलांचाही अभ्यास करत होते. एका रुग्णाची भाषा जाते पण चाल ओळखणं शाबूत राहतं, एखाद्या मुलाला गणित जमत नाही पण त्याचं चित्र मोठ्या माणसांना थक्क करतं, हे ते रोज पाहत होते. बुद्ध्यंकाच्या एका आकड्यात हे सगळं हरवतं, ही त्यांची तक्रार रास्त होती.

मात्र ‘गार्डनरच्या आधी सगळे एकच बुद्धी मानत होते’ असं स्लाइडवर लिहू नये, कारण ते चूक आहे. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये सामान्य बुद्धिघटकाची कल्पना मांडली, पण १९३८ मध्ये लुईस थर्स्टन यांनी सात प्राथमिक मानसिक क्षमतांची यादी दिली. त्यात शब्दज्ञान, संख्या, अवकाश, स्मरण अशा क्षमता होत्या. म्हणजे बुद्धीचे अनेक पैलू मानणारी परंपरा गार्डनर यांच्या पुस्तकापेक्षा पंचेचाळीस वर्षं जुनी आहे. गार्डनर यांचं वेगळेपण दोन गोष्टींत आहे. त्यांनी चाचण्यांच्या आकडेवारीपेक्षा मेंदूविज्ञान, मानववंशशास्त्र आणि प्रतिभावंतांची चरित्रं यांचा आधार घेतला. आणि संगीत, शरीर, माणसांची पारख यांनाही ‘बुद्धिमत्ता’ हे नाव दिलं. ‘कौशल्य’ किंवा ‘देणगी’ असे शब्द वापरले असते तर पुस्तकाकडे एवढं लक्ष गेलं नसतं, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं आहे.

स्लाइड ३ : ‘बुद्धिमत्ता’ ठरवायची कशी?
- गार्डनर यांचे आठ निकष. त्यांतला महत्त्वाचा : मेंदूच्या इजेत ती क्षमता एकटी जाते किंवा एकटी टिकते
- बाजूने : संगीतकार शेबालिन
- विरुद्ध : देजेरिन यांचा रुग्ण, १८९२
- प्रश्न : मग यादी आठवरच का थांबते?

आठही निकष वाचून दाखवण्यापेक्षा एक निकष जवळून पाहिलेला बरा. रशियन संगीतकार व्हिसारिओन शेबालिन यांना १९५३ मध्ये आणि पुन्हा १९५९ मध्ये पक्षाघात झाला. दुसऱ्या झटक्यानंतर बोलणं आणि इतरांचं बोलणं समजणं, दोन्ही त्यांना फार अवघड झालं. तरी ते संगीतरचना करत राहिले, विद्यार्थ्यांच्या रचना तपासत राहिले आणि १९६३ मधल्या मृत्यूपूर्वी त्यांनी पाचवी सिम्फनी पूर्ण केली. प्रसिद्ध मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णाची नोंद करून ठेवली आहे. भाषा गेली आणि संगीत राहिलं. गार्डनर यांच्या बाजूने याहून बोलका पुरावा मिळणं कठीण.

आता याच निकषाला थोडं पुढे नेऊ. १८९२ मध्ये फ्रान्समधल्या जूल देजेरिन यांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला लिहिता येत होतं, बोलता येत होतं, समोरच्या वस्तू ओळखता येत होत्या. पण वाचता येत नव्हतं. स्वतःच्या हाताने नुकतं लिहिलेलं वाक्यही त्याला वाचता येईना. म्हणजे मेंदूच्या इजेत वाचन आणि लेखनही एकमेकांपासून सुटू शकतात. तसे रुग्ण आणखीही आहेत : काहींना चेहरे ओळखता येत नाहीत पण वस्तू ओळखता येतात. मग वाचनाची एक, लेखनाची दुसरी आणि चेहरे ओळखण्याची तिसरी अशा वेगळ्या बुद्धिमत्ता मानायच्या का?

कुणी तसं मानत नाही. इजेमुळे एखादी क्रिया सुटी पडते, तेव्हा एवढंच कळतं की मेंदूचं काम अनेक लहान यंत्रणांमध्ये वाटलेलं आहे. त्या लहान यंत्रणा जोडून नेमकी ‘भाषिक बुद्धिमत्ता’ किंवा ‘अवकाशीय बुद्धिमत्ता’ हीच एकसंध वस्तू तयार होते, हे त्यातून सिद्ध होत नाही. एखादी क्षमता यादीत घ्यायची की नाही, हे ठरवताना आपण काटेकोर गणितापेक्षा कलावंतासारखा निवाडा करतो, हे गार्डनर यांनीही मान्य केलं होतं. तत्त्वज्ञ जॉन व्हाइट यांचा आक्षेप नेमका इथेच आहे : हेच आठ निकष का, आणि किती निकष पुरे झाले की क्षमता ‘पास’ होते, याला ठाम उत्तर मिळत नाही.

याच स्लाइडवर तेंडुलकरच्या फोटोकडे परत जाता येतं. तो उत्तम का खेळला? कारण त्याची शारीरिक बुद्धिमत्ता प्रबळ. ती प्रबळ आहे हे कशावरून कळलं? तो उत्तम खेळला यावरून. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ पेरी क्लाइन यांनी १९९७ मध्ये हाच आक्षेप घेतला होता : अशा स्पष्टीकरणात कौशल्याला फक्त दुसरं नाव मिळतं, कारण मिळत नाही. शिवाय फलंदाजी ही एकट्या शरीराची गोष्ट नाही. गोलंदाजाचं मनगट वाचणं, चेंडूच्या टप्प्याचा अंदाज, क्षेत्ररक्षणातली मोकळी जागा हेरणं हे सगळं त्यात असतं. तेव्हा त्याला एकाच पाकळीत बसवणं सोयीचं असलं तरी खरं नाही.

स्लाइड ४ : मोजून पाहिलं तेव्हा
- कॅनडातला अभ्यास, २००६ : २०० प्रौढ, प्रत्येक बुद्धिमत्तेसाठी दोन, एकूण १६ चाचण्या
- भाषा, तर्क, अवकाश, निसर्ग, आंतरव्यक्ती : गुण एकत्र चढतात-उतरतात
- शारीरिक कौशल्याचा बाकीच्यांशी संबंध कमकुवत
- निष्कर्ष : पूर्ण स्वातंत्र्य दिसत नाही

दुसरा दावा तपासण्याची रीत सोपी आहे. आठ बुद्धिमत्ता खरोखर स्वतंत्र असतील, तर एखाद्याचे शब्दज्ञानाचे गुण पाहून त्याच्या आकृत्या फिरवण्याच्या चाचणीबद्दल काहीच अंदाज बांधता येऊ नये. बेथ व्हिसर, मायकेल अॅश्टन आणि फिलिप व्हर्नन यांनी नेमकं हेच करून पाहिलं. त्यांनी प्रत्येक बुद्धिमत्तेसाठी गार्डनर यांच्या वर्णनाशी जुळणाऱ्या दोन चाचण्या निवडल्या आणि त्या २०० जणांना दिल्या. ज्यांना एका बौद्धिक चाचणीत चांगले गुण होते, त्यांना साधारणपणे इतर बौद्धिक चाचण्यांतही चांगले गुण मिळाले. यामागे एक समान घटक दिसला, स्पिअरमन यांनी शंभर वर्षांपूर्वी सांगितला होता तसाच. शारीरिक कौशल्याच्या चाचण्या मात्र या घटकाशी फारशा जुळल्या नाहीत.

हा निकाल सांगताना दोन सावधगिऱ्या हव्यात. एक, ‘साधारणपणे’ या शब्दावर जोर द्यावा. संबंध होता म्हणजे प्रत्येक माणूस सगळ्यात सारखा होता असं नाही. गणितात सरस आणि भाषेत मध्यम अशी माणसं असतातच. दोन, बऱ्याच क्षेत्रांत एकाच बुद्धिमत्तेच्या दोन चाचण्यांमध्ये आपसात थोडासा जादा संबंधही दिसला. म्हणजे गार्डनर यांच्या गटवारीत थोडं तथ्य आहे. तेही स्लाइडवर आलं पाहिजे, कारण सोयीचा तेवढाच निकाल उचलणं ही चिकित्सा होत नाही.

स्लाइड ५ : गार्डनर यांचं उत्तर
- ‘या चाचण्या माझ्या सिद्धांतासाठी बनलेल्याच नाहीत.’
- कागदी चाचणीत भाषा आणि तर्क आपोआप मिसळतात.
- क्षमता खऱ्या कामात पाहा : वस्तू जोडताना, गाताना, भांडण मिटवताना.
- प्रतिप्रश्न : मग सिद्धांत चूक ठरू शकेल अशी चाचणी कोणती?

अवतरणात दिलेली पहिली ओळ गार्डनर यांच्या उत्तराचा आशय आहे, त्यांचे शब्द नव्हेत. सादर करताना तसं सांगावं. त्यांच्या म्हणण्यात वजन आहे. ‘प्रोजेक्ट स्पेक्ट्रम’ या उपक्रमात त्यांनी आणि डेव्हिड फेल्डमन यांनी बालवाडीच्या मुलांसाठी वेगळी पद्धत आखली होती. मुलांना पेन्सिल-कागद न देता खरं यंत्र दिलं जायचं, उदाहरणार्थ हाताने फिरवायचं पदार्थ दळण्याचं यंत्र. ते सुटं करून पुन्हा जोडताना मूल कोणता भाग आधी उचलतं, चूक झाल्यावर काय करतं, याची शिक्षक नोंद घ्यायचे. कोणत्याही शिक्षकाला निरीक्षण शिकण्यासाठी हा उत्तम सराव आहे.

अडचण पुढे येते. प्रत्येक प्रतिकूल निकालाला ‘चाचणी योग्य नव्हती’ हेच उत्तर असेल आणि योग्य चाचण्यांचा संचही उपलब्ध नसेल, तर सिद्धांत तपासायचाच कसा? मानसशास्त्रज्ञ लिन वॉटरहाउस यांनी २००६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये हा मुद्दा लावून धरला. आठ बुद्धिमत्तांसाठी मेंदूत आठ स्वतंत्र यंत्रणा सापडलेल्या नाहीत आणि तरी हा सिद्धांत शिक्षक-प्रशिक्षणात सिद्ध झाल्यासारखा शिकवला जातो, असं त्यांचं म्हणणं आहे.

स्लाइड ६ : वर्गातला पुरावा
- योग्य प्रयोग कसा असावा? दोन गट, दोन पद्धती, एकच परीक्षा
- दावा खरा केव्हा : प्रत्येक गटाला ‘त्याच्या’ पद्धतीनेच जास्त फायदा झाला तर
- ४१ शाळांचा अभ्यास : सुधारणा कळवली, पण तुलनेला शाळा नाहीत
- गार्डनर, २०१३ : बहुविध बुद्धिमत्ता म्हणजे अध्ययनशैली नव्हे

इथे फळ्यावर चार चौकोन काढून प्रयोग समजावून सांगावा. समजा ‘सांगीतिक’ म्हणून ओळखलेली चाळीस मुलं आहेत आणि ‘अवकाशीय’ म्हणून ओळखलेली चाळीस. दोन्ही गटांतल्या निम्म्या मुलांना तोच धडा गाण्यातून शिकवला, निम्म्यांना आकृतीतून. शेवटी सगळ्यांना एकच परीक्षा. गाण्याने सांगीतिक गट पुढे गेला आणि आकृतीने अवकाशीय गट पुढे गेला, तरच तिसरा दावा टिकतो. आकृतीमुळे दोन्ही गट पुढे गेले, तर श्रेय आकृतीचं आहे, मुलाच्या प्रकाराचं नाही. हॅरॉल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अध्ययनशैलीवरचं संशोधन याच कसोटीवर घासून पाहिलं. या पद्धतीने केलेले अभ्यास मोजकेच निघाले आणि त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांचे निकाल दाव्याच्या विरुद्ध होते.

बहुविध बुद्धिमत्तेच्या बाबतीत अमेरिकेतल्या ४१ शाळांचा ‘प्रोजेक्ट सुमिट’ नेहमी दाखवला जातो. या शाळांनी निकाल, शिस्त आणि पालकांचा सहभाग सुधारल्याचं सांगितलं. पण सिद्धांत न वापरणाऱ्या तशाच शाळा तुलनेला घेतलेल्या नव्हत्या. शिवाय या शाळांत कला, गटकाम आणि शिक्षकांचा एकमेकांशी संवाद हेही भरपूर होतं. सुधारणा कशामुळे झाली हे त्यातून सांगता येत नाही. २०२१ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी असे अनेक देशांतले प्रयोग एकत्र करून तपासले, तेव्हा बहुतेकांची आखणीच इतकी कच्ची आढळली की फायदा होतो की नाही हे ठरवणं शक्य झालं नाही.

स्वतः गार्डनर यांनी २०१३ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहून अध्ययनशैलीशी आपला सिद्धांत जोडू नका असं बजावलं. त्यांचा शिक्षकांना सल्ला दोन गोष्टींचा आहे : प्रत्येक मुलाची नीट ओळख करून घ्या आणि महत्त्वाचा विषय अनेक अंगांनी शिकवा. ‘हा मुलगा सांगीतिक, याला गाण्यातूनच शिकवा’ असं ते म्हणत नाहीत.

स्लाइड ७ : एक पाठ, दोन टाचणं
- इयत्ता पाचवी. १/२ + १/४ = ?
- नेहमीची चूक : २/६
- टाचण ‘अ’ : एका तासिकेत आठ कृती
- टाचण ‘ब’ : तीन कृती, सगळ्या सगळ्यांसाठी
- कसोटी : कृतीत संकल्पना आहे का?

सेमिनारमधली सर्वांत जास्त मिनिटं या स्लाइडला द्यावीत. अर्धा आणि पाव मिळून पाऊण होतो हे पाचवीच्या मुलाला तोंडी ठाऊक असतं, पण वहीत तेच मूल वरचे अंक वर आणि खालचे अंक खाली मिळवून २/६ लिहितं. उत्तर किती विचित्र आहे हे त्याच्या लक्षात येत नाही : २/६ म्हणजे एक तृतीयांश, अर्ध्याहून कमी. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्याहून लहान आलं.

टाचण ‘अ’ सरावपाठांत सर्रास दिसतं. पस्तीस मिनिटांची तासिका आठ बुद्धिमत्तांमध्ये वाटलेली असते. भाषिकसाठी अपूर्णांकावर गोष्ट, सांगीतिकसाठी अपूर्णांकाचं गाणं, शारीरिकसाठी अंश-छेदाचा अभिनय, निसर्गविषयकसाठी पानांचे तुकडे, व्यक्तिअंतर्गतसाठी ‘मला अपूर्णांक का आवडतो’ यावर दोन ओळी. प्रत्येक कृतीला चार मिनिटं. वर्ग खूश असतो. पण गाणं म्हणताना मूल चालीचा आणि यमकाचा विचार करत असतं, अंश वर आणि छेद खाली हे शब्द पाठ होतात, आणि छेद समान का करायचा हा प्रश्न आठही कृतींत कुठेच येत नाही. तासिकेच्या शेवटी वहीत पुन्हा २/६.

टाचण ‘ब’मध्ये पहिली बारा मिनिटं कागदाच्या सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या. एक दोन भागांत दुमडायची, एक चार भागांत. अर्ध्यावर पावाचे दोन तुकडे बरोबर बसतात हे मूल हाताने पाहतं, मग अर्धा आणि पाव मिळून पावाचे तीन तुकडे होतात. पुढची दहा मिनिटं तेच संख्यारेषेवर. त्यानंतर आठ मिनिटं टाळ्या : शिक्षक एका ठाय लयीत मात्रा देतात, मुलं मात्रेला एक टाळी वाजवतात, मग दुगुनीत दोन, मग चौगुनीत चार. चौगुनीतल्या चारांपैकी तीन टाळ्या म्हणजे पाऊण मात्रा. शेवटची पाच मिनिटं प्रत्येकाने चिठ्ठीवर उत्तर द्यायचं : २/६ हे उत्तर बरोबर नाही हे आकडेमोड न करता कसं सांगाल?

दोन्ही टाचणांत संगीत आहे, पण त्यांत मोठा फरक आहे. ‘अ’मधलं गाणं अपूर्णांकाविषयी आहे, त्याच चालीत पाढेही बसले असते. ‘ब’मधल्या टाळ्यांमध्ये अपूर्णांक प्रत्यक्ष घडतो, कारण मात्रेचे समान भाग करणं हीच तिथली क्रिया आहे. ‘ब’मधल्या तिन्ही कृती साऱ्या वर्गासाठी आहेत. ‘तू सांगीतिक, तू टाळ्या वाजव’ अशी विभागणी त्यात नाही. कृती निवडताना मुलाचा प्रकार पाहिलेला नाही, संकल्पनेला कोणतं रूप शोभतं ते पाहिलं आहे. प्रशिक्षणार्थ्यांनी आपापल्या विषयातली एक कृती इथेच या कसोटीवर तपासावी. शिवाजी महाराजांच्या एखाद्या मोहिमेसाठी नकाशा लागतो, कवितेसाठी मोठ्याने वाचन लागतं, परिपथासाठी प्रत्यक्ष सेल आणि बल्ब लागतो. यांतलं काहीच मुलाच्या ‘बुद्धिमत्तेच्या प्रकारा’वरून ठरत नाही.

स्लाइड ८ : शिक्का मारल्याचे परिणाम
- वाचनातली अडचण ‘बुद्धिमत्तेचा प्रकार’ म्हणून झाकली जाते.
- शिक्का मुलावरून समाजावर सरकतो.
- बोटांच्या ठशांवरून ‘बुद्धिमत्ता चाचणी’ : शास्त्रीय आधार नाही
- चर्चेसाठी : वर्गात पडताळता येईल असा एक दावा लिहा.

तिसरीतली एखादी मुलगी गोष्टी रंगवून सांगते, खेळात पुढे असते, पण जोडाक्षर आलं की अडते आणि तीच ओळ तीनदा वाचते. ‘ती शारीरिक बुद्धिमत्तेची आहे’ असं म्हणून शिक्षक तिला नाटकात घेतात आणि वाचनाचा आग्रह सोडतात. हेतू प्रेमाचा असतो, पण तिला अध्ययन अक्षमता असू शकते ही शक्यता तपासली जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. वेळेवर तपासणी झाली तर उपचारात्मक अध्यापन आणि परीक्षेतल्या सवलती मिळतात. शिक्का मारून मोकळं झालं तर दोन्ही हुकतात.

हाच शिक्का समाजावरही बसतो. ऑस्ट्रेलियातल्या एका राज्याने शिक्षणाच्या एका कार्यक्रमात कोणत्या वांशिक गटात कोणती बुद्धिमत्ता जास्त आणि कोणती कमी याची यादीच दिली होती, आणि तिला आधार म्हणून बहुविध बुद्धिमत्तेचं नाव घेतलं होतं. गार्डनर यांनी तिथल्या दूरचित्रवाणीवर जाऊन हा प्रकार छद्मविज्ञान असल्याचं सांगितलं आणि कार्यक्रम बंद पडला. ‘अमुक समाजाची मुलं ढोलकीत हुशार, गणितात नाहीत’ अशी वाक्यं आपल्या शिक्षक-कक्षांतही ऐकू येतात. त्यामुळे हे उदाहरण महाराष्ट्रातल्या प्रशिक्षणार्थ्यांना दूरचं वाटणार नाही.

तिसरा धोका पालकांच्या खिशाला लागतो. ‘डीएमआयटी’ या नावाने बोटांच्या ठशांवरून मुलाच्या आठ बुद्धिमत्तांची टक्केवारी काढून देणारे अहवाल शहरांत विकले जातात. बोटांवरच्या रेषा बाळ आईच्या पोटात असतानाच तयार होतात. त्यांच्यावरून सांगीतिक किंवा तार्किक क्षमता वाचता येते याला पुरावा नाही. गार्डनर यांच्या सिद्धांतात ठशांना कुठेच स्थान नाही आणि इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही या चाचण्यांना शास्त्रीय आधार नसल्याचं स्पष्ट केलं आहे. पालकसभेत असा अहवाल घेऊन कुणी आलं, तर शिक्षकाला एवढं सांगता आलं पाहिजे.

चर्चेसाठी शेवटची पाच मिनिटं राखावीत. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने सरावशाळेतल्या वर्गात तपासता येईल असा एक दावा चिठ्ठीवर लिहावा आणि तो खोटा ठरला तर काय दिसेल हेही लिहावं. ‘गाण्यातून शिकवलं की मुलांना आवडतं’ हा दावा चालणार नाही, कारण आवडणं आणि शिकणं वेगळं. ‘पट्ट्यांनी शिकवलेल्या तुकडीत २/६ लिहिणारी मुलं कमी असतील’ हा चालेल, कारण तो मोजता येतो.

मूल्यमापन करणाऱ्या प्राध्यापकांनाही एक विनंती. आठ नावं बरोबर लिहिली म्हणून पूर्ण गुण देऊ नयेत. ‘या सिद्धांताचं मूल्यमापन करा’ असा प्रश्न घालावा आणि उत्तरात तीन दावे वेगळे केले आहेत का, दुसऱ्या-तिसऱ्या दाव्याचा पुरावा कमकुवत असल्याचं सांगितलं आहे का आणि गार्डनर यांची स्वतःची भूमिका बरोबर मांडली आहे का, हे पाहून गुण द्यावेत. क्षमता अनेक आहेत आणि धडा अनेक अंगांनी शिकवावा, हे आजही पाठ टाचणात राहावं. मुलाच्या प्रगतिपत्रकात मात्र त्याच्या ‘बुद्धिमत्तेचा प्रकार’ लिहू नये, कारण तसं लिहिण्याइतका पुरावा चाळीस वर्षांनंतरही जमा झालेला नाही.